बजेटची लाइन आणि लेजरचा कोड एकदाच जुळवून ठेवायची पद्धत

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. सहामाही रिपोर्ट पंधरा तारखेला द्यायचाय. टेबलावर एका बाजूला देणगीदार कंपनीने मंजूर केलेलं बजेट, दुसऱ्या बाजूला टॅलीतून काढलेली तेरीज. बजेटात लिहिलंय ‘गावभेटींचा प्रवास’, टॅलीत आहे ‘प्रवास खर्च’. आकडे वेगळे. मग व्हाउचरची फाइल उघडायची, एकेक नॅरेशन वाचायचं, आणि ‘प्रवास खर्च दिला’ एवढंच लिहिलेल्या व्हाउचरसाठी समन्वयक ताईंना फोन करायचा, की जून महिन्यात तुम्ही तळोद्याला कशासाठी गेला होतात? ताईंना आठवत नाही. का आठवावं?

छोट्या-मध्यम संस्थांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय, त्यामुळे ही रात्र मी अनेकदा काढली आहे. सुरुवातीला वाटायचं, आपण व्हाउचर नीट लिहीत नाही म्हणून असं होतं. ते अर्धंच खरं आहे. मूळ कारण असं, की बजेट आणि लेजर दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. लेजर सांगतं पैसे कोणत्या प्रकारच्या गोष्टीवर गेले: पगार, प्रवास, छपाई, भाडं. बजेट सांगतं पैसे कोणत्या कामासाठी गेले: कार्यशाळा, गावभेटी, कार्यालय. एकाच लेजरमधले पैसे तीन लाइनींत जातात आणि एकाच लाइनीत पाच लेजरचे पैसे येतात. हा गुंता नुसती नावं सारखी ठेवून सुटत नाही.

सरकारी जमाखर्चात हा प्रश्न मुळातच येऊ नये अशी रचना आहे. 2202 म्हणजे सामान्य शिक्षण, 2210 म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. हे प्रधान लेखाशीर्ष अर्थसंकल्पात जे असतं तेच कोषागारात जाणाऱ्या देयकावर असतं आणि महालेखापालांच्या लेख्यांतही तेच येतं. काम आणि खर्चाचा प्रकार हे दोन्ही एकाच लांब कोडात बसवलेले असतात. आपल्या संस्थेत दर देणगीदार आपल्या पद्धतीचं बजेट देतो, म्हणून कोड एक करता येत नाही. पण दोन्हींमध्ये एक कायमचा पूल बांधता येतो, आणि तो खर्च होताना बांधायचा असतो, रिपोर्टच्या वेळी नाही.

उदाहरण आधी समोर ठेवू

शाळांतल्या वाचनावर काम करणारी एक संस्था धरा. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून वर्षाला 24 लाख मिळालेत, एप्रिल 2024 ते मार्च 2025. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतलेत. मंजूर बजेट असं:

| लाइन | कशासाठी | वर्षाची रक्कम |
|---|---|---|
| 1.1 | शिक्षक कार्यशाळा, 12 | 4,80,000 |
| 1.2 | वाचन साहित्याची छपाई | 3,60,000 |
| 2.1 | समन्वयक, 1 | 4,20,000 |
| 2.2 | क्षेत्र कार्यकर्ते, 4 | 6,72,000 |
| 3.1 | गावभेटींचा प्रवास | 1,80,000 |
| 3.2 | टॅब्लेट, 6 | 90,000 |
| 4.1 | कार्यालय व प्रशासन | 1,98,000 |

टॅलीत लेजर नेहमीचेच: पगार, मानधन, प्रवास खर्च, भोजन खर्च, हॉल भाडे, छपाई व झेरॉक्स, कार्यालय भाडे, वीज, टेलिफोन, बँक चार्जेस, आणि मालमत्तेत ‘टॅब्लेट’.

आता एक व्हाउचर जवळून बघा. जूनमधली तीन दिवसांची कार्यशाळा. हॉल 5,000, चाळीस जणांचं जेवण रोजचे 120 प्रमाणे 14,400, प्रशिक्षकांचं मानधन 12,000, त्यांचा आणि समन्वयकांचा प्रवास 4,700, झेरॉक्स 2,500. एकूण 38,600. लेजर पाच, बजेटची लाइन एकच: 1.1. पण यातले 4,700 प्रवास खर्चाच्या लेजरात गेले, आणि त्याच लेजरात गावभेटींचे पैसेही जातात. रिपोर्टच्या रात्री शोधत बसतो ते हेच 4,700.

पहिली पायरी: प्रत्येक कामाला आपला कोड

टॅलीत कॉस्ट सेंटर असतं. त्याचा उपयोग बहुतेक ठिकाणी फक्त प्रकल्पाचं नाव टाकण्यापुरता होतो. ते एक पायरी खाली न्यायचं. एका अनुदानाखाली त्यातल्या कामांची कॉस्ट सेंटर करायची. आपल्या उदाहरणात पाच पुरतात:

`A24-TRN` कार्यशाळा, `A24-PRN` छपाई, `A24-STF` माणसं, `A24-FLD` क्षेत्रकाम, `A24-ADM` कार्यालय. आणि या अनुदानाबाहेरच्या सगळ्या खर्चासाठी `GEN`.

कोडात बजेटचा लाइन नंबर मुद्दाम घातलेला नाही. एका संस्थेत मीच कॉस्ट सेंटरना ‘1.1’, ‘3.1’ अशी नावं दिली होती. नोव्हेंबरात देणगीदाराने सुधारित बजेट दिलं, त्यात मध्ये एक लाइन घातली आणि 3.1 ची 4.1 झाली. जुन्या नोंदी 3.1 मध्ये, नव्या 4.1 मध्ये, आणि नव्या 3.1 चा अर्थ भलताच. त्यानंतर कोड म्हणजे आपण काय काम केलं, एवढंच. देणगीदार त्याला कितवा नंबर देतो ते वेगळ्या तक्त्यात.

इथे एक मोह आवरायचा. टॅलीत एकापेक्षा जास्त कॉस्ट कॅटेगरी ठेवता येतात. त्यामुळे वाटतं, एका कॅटेगरीत देणगीदार ठेवू, दुसरीत काम ठेवू, छान दोन्ही बाजूंनी रिपोर्ट मिळेल. तसं होत नाही. नोंद करताना टॅली प्रत्येक कॅटेगरीची वाटणी स्वतंत्र विचारते. 10,000 च्या व्हाउचरमध्ये तुम्ही देणगीदारात 6,000 आणि 4,000 केले, कामात 7,000 आणि 3,000 केले, तर पहिल्या देणगीदाराचे कार्यशाळेवर नेमके किती गेले हे त्या नोंदीत कुठेच नसतं. बेरजा दोन्ही बरोबर, छेद हरवलेला. आणि आपल्याला नेमका छेदच हवा असतो. म्हणून कॅटेगरी एकच, आणि तिच्यात अनुदानाखाली काम अशी उतरंड.

कॉस्ट सेंटर किती बारीक करायची? बिल घेऊन येणाऱ्या माणसाला विचार न करता सांगता येईल इतकीच. कार्यशाळेचं जेवण, कार्यशाळेचा हॉल अशी वेगळी कॉस्ट सेंटर करू नका. जेवण की हॉल हे लेजर आधीच सांगतंय.

दुसरी पायरी: जोडीवरून लाइन

आता मुख्य गोष्ट. बजेटची लाइन एकट्या लेजरवरून ठरत नाही आणि एकट्या कॉस्ट सेंटरवरूनही ठरत नाही. ती दोघांच्या जोडीवरून ठरवायची. नियम एकच: कॉस्ट सेंटर आणि लेजरची कुठलीही एक जोडी बजेटच्या एकाच लाइनीत जाते. दहा जोड्या एका लाइनीत गेल्या तर हरकत नाही. एक जोडी दोन लाइनींत जात असेल, तर तिथे कधी ना कधी हाताने वाटणी करावी लागणार, हे नक्की समजा.

एक्सेलमध्ये `MAP` नावाची शीट घ्या आणि जोड्या लिहा:

| जोडी | लाइन |
|---|---|
| A24-TRN\|हॉल भाडे | L-1.1 |
| A24-TRN\|भोजन खर्च | L-1.1 |
| A24-TRN\|मानधन | L-1.1 |
| A24-TRN\|प्रवास खर्च | L-1.1 |
| A24-TRN\|छपाई व झेरॉक्स | L-1.1 |
| A24-PRN\|छपाई व झेरॉक्स | L-1.2 |
| A24-STF\|पगार | L-2.1 |
| A24-STF\|मानधन | L-2.2 |
| A24-FLD\|प्रवास खर्च | L-3.1 |
| A24-FLD\|टॅब्लेट | L-3.2 |
| A24-ADM\|कार्यालय भाडे | L-4.1 |
| A24-ADM\|प्रवास खर्च | L-4.1 |

खाली वीज, टेलिफोन, बँक चार्जेस वगैरे तसेच. बघा, ‘मानधन’ दोनदा आलंय. कार्यशाळेतलं प्रशिक्षकाचं मानधन 1.1 मध्ये, क्षेत्र कार्यकर्त्यांचं 2.2 मध्ये. आणि `STF` एकच असूनही पगार आणि मानधन वेगळ्या लाइनींत गेले, कारण लेजर वेगळे आहेत. त्यामुळे माणसांसाठी दोन कॉस्ट सेंटर करावी लागली नाहीत.

पुढे एखाद्या वर्षी समन्वयक दोन झाले आणि देणगीदाराने त्यांना वेगवेगळ्या लाइनी दिल्या, तर `STF|पगार` ही जोडी दोन लाइनींत जाईल. तेव्हा कॉस्ट सेंटर फोडायचं, लेजर नाही. लेजर फोडत गेलात तर ‘पगार–समन्वयक–कंपनी अ’ अशी नावं तयार होतात, आणि तीन वर्षांनी ऑडिटर तेरीज बघून कपाळाला हात लावतो.

‘TRN मधलं काहीही आलं तरी 1.1’ असा सरसकट नियम लिहिण्याचा मोह होतो. ओळी वाचतात, हे खरं. मी तसं करत नाही. कुणी चुकून कार्यालय भाड्याला `TRN` लावलं, तर सरसकट नियम ते मुकाट्याने कार्यशाळेत ढकलतो. जोडी स्पष्ट लिहिलेली असेल तर `A24-TRN|कार्यालय भाडे` तक्त्यात सापडत नाही आणि चूक लगेच वर येते. तक्ता चाळीस-पन्नास ओळींचा होतो, एकदाच लिहायचा असतो.

आणि लाइन नंबरापुढे `L-` का? कारण एक्सेलला 1.1 आणि 1.10 एकच वाटतात. सेलमध्ये 1.10 टाइप केलंत तर त्याचं 1.1 होतं. सेल टेक्स्ट करून वाचवलंत, तरी `SUMIFS` निकष बघताना दोन्हींना आकडाच समजतो आणि पहिल्या लाइनीत दहाव्या लाइनीची रक्कम मिसळून देतो. एरर येत नाही, फक्त बेरीज वाढते. पुढे एक अक्षर लावलं की हा प्रश्न संपतो.

तिसरी पायरी: बजेटबाहेरचं सुद्धा तक्त्यात

खर्चाच्या प्रत्येक रुपयाला एक लाइन मिळाली पाहिजे, मग तो या देणगीदाराचा असो वा नसो. म्हणून `L-0` नावाची एक लाइन करा: बजेटबाहेर. घसारा तिच्यात जातो. `GEN` च्या सगळ्या जोड्या तिच्यात. असं केलं की ‘जोडी सापडली नाही’ याचा अर्थ एकच उरतो: चूक. नाहीतर न सापडलेल्या ओळींतल्या कुठल्या मुद्दाम वगळलेल्या आणि कुठल्या राहून गेलेल्या, हे दर वेळी नव्याने आठवावं लागतं.

टॅब्लेटची गोष्ट इथेच सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी फरक इथून येतो. कंपनीच्या बजेटात टॅब्लेट हा खर्च आहे. तुमच्या पुस्तकात ती मालमत्ता आहे, खर्चात येतो तो फक्त घसारा. कॉस्ट सेंटर सहसा खर्चाच्या लेजरलाच लागू असतं, त्यामुळे टॅब्लेटचे 90,000 कॉस्ट सेंटरच्या रिपोर्टमध्ये येतच नाहीत. ‘टॅब्लेट’ या लेजरला कॉस्ट सेंटर लागू करा. लेजरमध्ये तो पर्याय दिसत नसेल तर F12 मधल्या सेटिंगमध्ये बघा. खरेदीच्या नोंदीत `A24-FLD` लावा. घसाऱ्याच्या नोंदीतही `A24-FLD` लावा, पण `A24-FLD|घसारा` ही जोडी `L-0` मध्ये.

चौथी पायरी: कोड बिलावरच

तक्ता कितीही चांगला असला तरी नोंदीत चुकीचा कोड असेल तर उपयोग नाही. आणि कोड कोणता, हे हिशेबनीसाला माहीत नसतं. ते पैसे खर्च करणाऱ्याला, त्याच दिवशी माहीत असतं. मी संस्थांना एक रबरी शिक्का करून घ्यायला सांगतो. त्यात दोनच रकाने: कामाचा कोड आणि सही. बिल जमा करताना कार्यकर्त्याने कोड लिहायचा. कोड नसलेलं बिल परत.

पहिले दोन महिने प्रश्न येतात, आणि ते येऊ द्यावेत. “सर, कार्यशाळेचं साहित्य घेऊन शहाद्याला गेलो, परत येताना दोन शाळा बघून आलो, हे कशात?” अशा वेळी उत्तर द्यायचं आणि एका वहीत लिहून ठेवायचं: प्रवासाचं मुख्य कारण ज्या कामाचं, त्या कामाचा कोड. पुढच्या वेळी दुसरा कुणी विचारेल तेव्हा तेच उत्तर मिळालं पाहिजे. अशी पंधरा-वीस उत्तरं जमली की प्रश्न आपोआप थांबतात.

नोंद करताना कोड नेमका कुठल्या रकमेला लागतो, याकडे लक्ष द्या. प्रशिक्षकाची फी 40,000, त्यावर टीडीएस 4,000, बँकेतून गेले 36,000. बँक स्टेटमेंट समोर धरून काम करणारे 36,000 धरतात. खर्च 40,000 आहे, कॉस्ट सेंटर 40,000 ला लागतं, टीडीएस हे सरकारला द्यायचं देणं. तसंच जीएसटीचं: ज्याचा परतावा तुम्हाला मिळत नाही तो कर खर्चाचाच भाग, तो त्याच लेजरमध्ये आणि त्याच कोडात.

उचल मात्र वेगळी. कार्यकर्त्याला 28 सप्टेंबरला गावभेटींसाठी 15,000 उचल दिली, तर ती अजून खर्च नाही. तिला कोड लावू नका. बिलं आली की खर्चाला कोड लागेल. सहामाही रिपोर्टमध्ये ही उचल खाली वेगळी दाखवा, नाहीतर बँकेतली शिल्लक आणि खर्चाचा आकडा जुळत नाहीत म्हणून देणगीदाराचा फोन येतो.

सामायिक खर्च, म्हणजे तीन अनुदानांत वाटलेलं भाडं किंवा अर्धा वेळ देणारा माणूस, दर महिन्याला त्याच महिन्याच्या नोंदीत वाटा. मार्चमध्ये एकदम जर्नल करून वाटलंत, तर अकरा महिने प्रत्येक रिपोर्ट चुकीचा असतो. टॅलीत ठरावीक टक्केवारी आधी भरून ठेवता येते. 20,000 भाड्याचे तीन सारखे भाग 6,666 झाले की 2 रुपये उरतात. ते नेहमी `GEN` मध्ये टाकायचे, हे एकदाच ठरवून लिहून ठेवा. माणसांच्या पगाराची वाटणी मात्र ठोकळ टक्क्यावर नको, टाइमशीटवर. ऑडिटर पहिल्यांदा तेच मागतो.

पाचवी पायरी: रिपोर्ट काढणं

महिना संपला की टॅलीत `Cost Centre Breakup` उघडून प्रत्येक कॉस्ट सेंटरचा लेजरवार रिपोर्ट एक्सेलमध्ये काढा. सगळे एकाखाली एक `TXN` शीटमध्ये: `A` मध्ये कॉस्ट सेंटर, `B` मध्ये लेजर, `C` मध्ये नावे वजा जमा. वजा करणं विसरू नका; परत आलेली रक्कम किंवा उलट नोंद जमेत असते, आणि फक्त नावे बाजू घेतली तर खर्च फुगतो. टॅलीतून येताना नावांच्या आधी-नंतर मोकळी जागा येऊ शकते, म्हणून `TRIM`.

```
D2: =TRIM(A2)&"|"&TRIM(B2)
E2: =IFERROR(VLOOKUP(D2,MAP!$A:$B,2,FALSE),"UNMAPPED")
```

बजेटच्या शीटमध्ये `A` रकान्यात `L-` लावलेली लाइन, तिच्यापुढे झालेला खर्च:

```
=SUMIFS(TXN!$E:$E,TXN!$F:$F,$A2)
```

थांबा. हे सूत्र मी मुद्दाम चुकीचं लिहिलंय, कारण नव्या माणसाकडून हेच होतं. रक्कम `C` मध्ये आहे आणि लाइन `E` मध्ये. योग्य सूत्र असं:

```
=SUMIFS(TXN!$C:$C,TXN!$E:$E,$A2)
```

चुकीच्या सूत्रानेही एरर येत नाही, सगळीकडे शून्य येतं. एखाद्या लाइनीत खरंच खर्च झाला नसेल तर शून्यच असतं, म्हणून ही चूक डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या तपासण्या त्यासाठीच आहेत.

आपल्या संस्थेचे एप्रिल ते सप्टेंबरचे आकडे असे येतात. सहा कार्यशाळा झाल्या, प्रत्येकी 38,600, म्हणून 1.1 मध्ये 2,31,600. छपाई 2,10,000. समन्वयक दरमहा 35,000 म्हणजे 2,10,000. चार कार्यकर्ते दरमहा 14,000 म्हणजे 3,36,000. गावभेटी 82,400. टॅब्लेट 90,000. कार्यालय 96,000. एकूण 12,56,000.

आता ‘प्रवास खर्च’ लेजर बघा. त्यात 1,19,900 आहेत आणि बजेटच्या प्रवासाच्या लाइनीत 82,400. पूर्वी या 37,500 साठी एक रात्र जायची. आता फरक आपोआप उलगडतो: सहा कार्यशाळांचे 28,200 `TRN` मध्ये, कार्यालयाचे 9,300 `ADM` मध्ये. कुणालाही फोन नाही.

जुळलंय हे कसं कळतं

तीन तपासण्या, रिपोर्टच्याच शीटवर वर लिहून ठेवलेल्या. एकही चुकली तर रिपोर्ट बाहेर जात नाही.

पहिली: `UNMAPPED` च्या ओळी शून्य. इथे रकमेची बेरीज बघू नका, ओळी मोजा. 5,000 नावे आणि 5,000 जमा अशा दोन न सापडलेल्या ओळींची बेरीज शून्यच येते.

```
=COUNTIF(TXN!$E:$E,"UNMAPPED")
```

दुसरी: `TXN` ची एकूण बेरीज, `GEN` आणि `L-0` धरून, टॅलीतल्या आय-व्यय पत्रकाच्या खर्चाशी जुळली पाहिजे. फरक फक्त मालमत्ता खरेदीचा असावा. एकट्या या अनुदानाचं गणित करून बघू. पुस्तकात त्याचा खर्च 11,84,000 दिसतो, त्यात टॅब्लेटचा 18,000 घसारा आहे. देणगीदाराच्या रिपोर्टमध्ये, `L-0` मधला घसारा वगळून, 12,56,000. फरक 72,000, आणि तो 90,000 वजा 18,000. हा फरक दर वेळी शोधायचा नसतो. तो रिपोर्टच्या खाली दोन ओळींत कायमचा छापलेला असतो, ऑडिटरला उपयोगिता प्रमाणपत्र देताना हेच हवं असतं.

ही बेरीज जुळली नाही तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: एखाद्या लेजरला कॉस्ट सेंटर लागू करायचं राहिलं होतं आणि ते वर्षाच्या मध्ये लागू केलं. त्यानंतरच्या नोंदींत कोड येतो, आधीच्या नोंदी तशाच राहतात. त्या एकेक उघडून कोड भरावा लागतो. म्हणून खर्चाचे सगळे लेजर 1 एप्रिललाच तपासा. बाहेरून आयात केलेल्या नोंदींतही हा प्रकार होतो.

तिसरी: बजेटची प्रत्येक लाइन `MAP` मध्ये निदान एकदा आहे, आणि कुठलीही जोडी दोनदा नाही. जोडी दोनदा लिहिली गेली तर `VLOOKUP` पहिलीच घेतो आणि दुसरीला काही सांगत नाही. खालच्या सूत्राने प्रत्येक ओळीपुढे 1 दिलं पाहिजे:

```
=COUNTIF(MAP!$A:$A,MAP!A2)
```

मध्येच बजेट बदललं तर

दोन प्रकारचे बदल होतात आणि ते मिसळू नयेत. रकमा बदलल्या, म्हणजे छपाईतले 40,000 कार्यशाळेकडे वळवायची परवानगी मिळाली, तर बजेटच्या शीटमध्ये ‘सुधारित’ असा नवा रकाना. मूळ रकाना पुसायचा नाही. नोंदी आणि `MAP` यांना हात लावायचा नाही. बजेट वाढलंय, खर्च तिथेच झालाय. रक्कम जुळवायला जुन्या व्हाउचरचा कोड बदलणारे लोक मी पाहिलेत. सहामाही रिपोर्ट एक सांगतो आणि वार्षिक रिपोर्ट दुसरंच, आणि मग ते समजावून सांगता येत नाही.

लाइनी बदलल्या, नंबर हलले किंवा एका लाइनीच्या दोन झाल्या, तर बदल `MAP` मध्ये. नंबर नुसते हलले असतील तर उजवा रकाना बदलला की काम झालं. वर्षभराचा रिपोर्ट नव्या नंबरांत पुन्हा निघतो. एका लाइनीच्या दोन झाल्या असतील तर नवं कॉस्ट सेंटर, ठरलेल्या तारखेपासून. आणि प्रत्येक पाठवलेल्या रिपोर्टसोबत त्या दिवशीची `MAP` वेगळी जपून ठेवा, फाइलच्या नावात तारीख घालून. दोन वर्षांनी कंपनीचा ऑडिटर येऊन विचारतो, सप्टेंबरच्या रिपोर्टमध्ये 3.1 मध्ये काय धरलं होतं? उत्तर त्या फाइलीत असतं.

परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांनी `MAP` ला तिसरा रकाना जोडावा: प्रशासकीय खर्च, हो की नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएमध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि कायद्यातली प्रशासकीय खर्चाची व्याख्या देणगीदाराच्या 4.1 लाइनीशी जुळेलच असं नाही. जोडी तीच, उत्तरं दोन: एक देणगीदारासाठी, एक दर वर्षी 31 डिसेंबरपर्यंत भरायच्या एफसी-4 साठी.

नवं अनुदान आलं की हा सगळा प्रकार पुन्हा करायचा नाही. देणगीदाराकडून बजेटचा मसुदा येतो तेव्हाच, करारावर सही होण्याआधी, `MAP` मध्ये जोड्या लिहून बघा. एखादी जोडी दोन लाइनींत जाताना दिसली, तर देणगीदाराला तेव्हाच सांगता येतं की या दोन लाइनी एकत्र करा. सहीच्या आधी तो सहज ऐकतो.